डावीकडचा S आणि उजवीकडचा S

परवा दादरच्या पुलावर उभा राहून मध्य रेल्वेचा एक नंबरचा फलाट शोधत होतो. सापडेना. मग लक्षात आलं, तो आता आठ नंबर झाला आहे. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे फलाट एका ओळीत मोजले जातात. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे सुरू झाले. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण पाय जुन्याच सवयीने चालले होते. तिथे उभ्या उभ्या आप्पा आठवले.

गोष्ट २००४ ची. आप्पा ऐंशीचे, आई पंचाहत्तरची. गावचं घर बंद करून दोघं आमच्याकडे भांडुपला आली होती. ताई दादरला राहायची, आणि तिच्याकडे आपलं आपण जाता यावं एवढीच त्यांची इच्छा होती. दर वेळी मुलाने सुट्टी काढून पोचवायचं हे आप्पांना आवडत नसे. जाणं सोपं होतं. घोळ होता परतीच्या वाटेवर. भांडुपला बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत, त्यामुळे दादरला धीमीच पकडायला हवी. मी शाळामास्तर. एका वाक्यात धडा संपवला. "आप्पा, इंडिकेटरवर S दिसला की स्लो. खुशाल चढा."

आप्पांना इंग्रजी अक्षरं येत होती. आईला येत नव्हती, ती चौथी शिकलेली.

त्या दिवशी दुपारी साडेतीनला ताईने दोघांना दादरच्या पुलावर सोडलं. साडेचार, पाच, सहा वाजले तरी पत्ता नाही. त्यांच्याकडे मोबाईल नव्हता. मी भांडुपच्या फलाटावर येणारी प्रत्येक गाडी बघत उभा. सात वाजता दोघं उतरली. आईने आप्पांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली होती. मुकाट्याने घरी आलो. रात्री आप्पा एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस तसा S बघूनच चढलो."

खरंच बघून चढले होते. पुलावर ज्या जिन्यापाशी S दिसला, त्या जिन्याने उतरले आणि आलेल्या गाडीत बसले. ती कर्जतची जलद होती. भांडुप डोळ्यांदेखत मागे गेलं. ठाण्याला गर्दीत दारापर्यंत पोचता आलं नाही. शेवटी एका सहप्रवाशाने डोंबिवलीला उतरवून परतीच्या गाडीत बसवून दिलं.

चूक माझी होती. तेव्हाच्या इंडिकेटरवर तीन गोष्टी असत. डावीकडे गाडी कुठे जाणार त्याची खूण, मध्ये वेळ, आणि उजवीकडे ती धीमी की जलद. ठाण्याला T, कल्याणला K, पण कर्जतला S आणि कसाऱ्याला N! म्हणजे कर्जत जलद अशी दिसे:

S 3:47 F

आणि आमच्या कामाची ठाण्याची धीमी अशी:

T 3:52 S

आप्पांनी वाचायला सुरुवात केली तशी ती डावीकडून, आणि पहिलाच S भेटला.

कर्जतला S का? मी इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली, १८५४ मध्ये कल्याणला पोचली. तिथे रूळ दुभंगले. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे, तो ईशान्येचा, म्हणजे नॉर्थ-ईस्ट. दुसरा कर्जतवरून बोर घाट चढून पुण्याकडे, तो आग्नेयेचा, म्हणजे साऊथ-ईस्ट. बोर घाट १८६३ ला खुला झाला, थळ घाट १८६५ ला. त्या नॉर्थचा N आणि साऊथचा S. दीडशे वर्षांपूर्वीचं ते अक्षर माझ्या आईवडिलांना डोंबिवलीला घेऊन गेलं!

मग पुन्हा शिकवणी सुरू केली. नातवाची जुनी पाटी घेतली, तिच्यावर तीन चौकोन आखले. पाटीच्या मागच्या बाजूला तेच मराठीत, धीमीचा 'धी' आणि जलदचा 'ज'. दादरचा इंडिकेटर काही सेकंदांनी लिपी बदलायचा. आप्पांची तक्रार होती, "वाचायला लागलो की पुसतात." म्हणून मी मध्येच पाटी उलटायचो. नियम एकच ठेवला. भांडुप ठाण्याच्या अलीकडे, तेव्हा गाडी ठाण्याची असो, कल्याणची असो की कर्जतची, डावा चौकोन बघायचाच नाही. उजव्या चौकोनात S किंवा 'धी' असेल तर चढायचं. अपवाद फक्त कुर्ल्यापर्यंतच जाणाऱ्या गाडीचा, तिच्या डावीकडे C असे.

मग एका रविवारी दुपारी तिघंही दादरच्या बाकावर जाऊन बसलो. चढायचं नाही, फक्त ओळखायचं. आई पहिल्या दहा मिनिटांत शिकली. तिला S वाचता येत नव्हता, म्हणून तिने त्याला "गांडूळ" नाव दिलं. "गांडूळ पलीकडच्या टोकाला असेल तर आपली." आप्पा मात्र अडखळत, कारण त्यांना अक्षर येत होतं आणि येणारं अक्षर ते आधी वाचत. चाळीस वर्षं वर्गात उभा राहूनही, ज्याला थोडं येतं त्याला शिकवणं जास्त अवघड असतं हे मला त्या बाकावर कळलं.

आणखी दोन अडचणी तिथेच बसल्यावर कळल्या. एक वेळेची. मधला आकडा वेळापत्रकातला असे. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी पाटीवर जुनीच वेळ. आप्पा घड्याळ बघून म्हणत, "ही गेली की!" तर ती समोर येत असायची. तेव्हा पाटीवरची वेळ हे गाडीचं नाव समजायचं, घड्याळाशी ताडून बघायचं नाही.

दुसरी घोषणांची. दादरला दोन कंपन्यांची दोन स्थानकं शेजारीशेजारी उभी राहिली, एक जी.आय.पी.चं, दुसरं बी.बी.सी.आय.चं. १९५१ साली त्यांच्या मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या, तरी फलाट दोन्हीकडे एकपासूनच मोजत. पुलावर दोन्हीकडचे आवाज एकमेकांत मिसळत आणि "फलाट क्रमांक एक" ऐकलं तर तो कुठला एक हे कळायला मार्ग नसे. म्हणून पुलावर घोषणा ऐकायचीच नाही असं ठरवलं. आधी मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरायचं, खांबाजवळ उभं राहायचं, मग कान द्यायचा. तीच घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजीत होते, तेव्हा एक निसटली तरी घाबरायचं नाही. 'धीमी' हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकच. दोनदा कानावर पडला की पाटीकडे बघून खात्री करायची. पाटी आणि आवाज जुळले नाहीत तर गाडी सोडायची, पुढची येतेच.

पुढच्या महिन्यात दोघं एकटी गेली आणि एकटी आली. दार उघडलं तर आप्पा म्हणाले, "हिने वाचलं, मी नुसता चढलो." नंतर चार वर्षं दोघं अशीच जात राहिली.

आता दोघंही नाहीत. परवा पुलावर मी एक नंबर शोधत होतो तेव्हा शेजारच्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "आजोबा, कुठे जायचंय?" मी म्हटलं, "भांडुप, धीमी." तिने आठ नंबरचा जिना दाखवला. खाली उतरलो, पाटीकडे बघितलं, आणि सवयीने आधी उजवीकडचं गांडूळ शोधलं.