नळाखालचं थोरलं चाक

पहिल्या हिशेबात माझ्या चाकाची कार्यक्षमता ११७ टक्के निघाली. महाडच्या घराच्या अंगणात, गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यावर फिरणारं, पितळी चमच्यांचं चाक. शंभराच्या वर एक टक्काही जास्त येणं शक्य नसतं, इथे तर सतरा आले होते. चूक कुठे झाली ते शोधता शोधता मी पेल्टनच्या चाकाच्या कुळकथेत शिरलो, आणि ज्याला आपण थोरल्या यंत्राची धाकटी नक्कल म्हणतो तेच वयाने मोठं निघालं.

आधी चाक सांगतो. मसाल्याच्या डब्यातले बुटके चमचे दोन-दोन जवळ ठेवून, मधल्या कडेला डाख लावून जोडले. अशा चौदा जोड्या लाकडी तबकडीवर बसवल्या. आसापासून जोडीच्या मध्यापर्यंत ६ सेंटीमीटर. पाण्याची चिळकांडी दोन वाट्यांमधल्या धारेवर आदळते, दुभंगते आणि दोन्हीकडून जवळजवळ उलटी फिरून बाहेर पडते. आसावर एक छोटा ड्रम, एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून कातून घेतलेला, दोरीची निम्मी जाडी धरून त्रिज्या २ सेंटीमीटर. ड्रमवरून दोरी टाकली. तिच्या एका टोकाला १५० ग्रॅमचं वजन, दुसऱ्याला तानकाटा. चाक फिरताना दोरीला ओढून वजन उचलू पाहतं, आणि तानकाटा उरलेला भार दाखवतो.

त्या दिवशी काटा २५ ग्रॅमवर थांबला, म्हणजे दोरीची ओढ १२५ ग्रॅमची. वेगासाठी चाकाला पांढरी पट्टी चिकटवून मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांचा व्हिडिओ घेतला. एका फेरीला २० चित्रं लागली, म्हणजे मिनिटाला ७२० फेरे. ओढ गुणिले त्रिज्या हा टॉर्क, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की शक्ती. ती निघाली १.८५ वॅट. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

चूक पाण्याच्या बाजूला होती. बाटलीच्या झाकणाला ४ मिलिमीटरचं भोक पाडून ते मी पाइपच्या तोंडाला बसवलं होतं. १० लिटरची बादली १२६ सेकंदांत भरली. प्रवाहाला भोकाच्या क्षेत्रफळाने भागलं तेव्हा चिळकांडीचा वेग आला सेकंदाला ६.३ मीटर. पण भार काढल्यावर चाक मिनिटाला १,३५० फेरे घेत होतं, म्हणजे चमचे साडेआठ मीटरच्या वेगाने पळत होते. ढकलणाऱ्यापेक्षा ढकललेला पुढे! हे दिसल्यावर शंका आली. धारदार काठाच्या भोकातून पाणी बाहेर येताच आकसतं. धारेची रुंदी भोकापेक्षा बरीच कमी होते, आणि क्षेत्रफळ साधारण ६२ टक्केच उरतं. म्हणून मग चाक बाजूला करून चिळकांडी जमिनीपासून १ मीटर उंचीवरून आडवी सोडली. ती ४.६ मीटरवर पडली. एवढं खाली यायला पाण्याला ०.४५ सेकंद लागतात, तेव्हा वेग झाला १०.२ मीटर. त्या हिशेबाने पाण्याची शक्ती ४.१३ वॅट आणि कार्यक्षमता ४५ टक्के. चमच्यांच्या चाकाला शोभेल इतकीच!

थोडक्यात, मला चाकाने नव्हे, तोटीने चकवलं. आणि माझं मत असं की पेल्टनच्या चाकाची आई ही तोटीच आहे. कॅलिफोर्नियात १८५३ मध्ये एडवर्ड मॅटिसन नावाच्या माणसाने सोन्याच्या डोंगरावर नळीतून पाण्याचा मारा केला. डोंगर धुऊन सोनं काढायचं म्हणून खाणवाल्यांनी कालवे काढले, उतारावरून लोखंडी नळ आणले. पाणी प्रचंड दाबाने तोटीशी येऊन उभं होतं. त्या धारेसमोर चाक धरायचं कोणाला तरी सुचणारच होतं, आणि सुचलंही. सपाट फळ्यांचं, मग वाट्यांचं चाक खाणीत फिरू लागलं. लेस्टर पेल्टनने वाटी दुभंगली आणि १८८० मध्ये पेटंट घेतलं.

दुभंगण्याची कल्पना कुठून आली, याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत गाईच्या नाकावर पाण्याची धार बसते आणि दोन्हीकडे फुटते. दुसरीत जुन्या चाकाची किल्ली ढिली होते, चाक आसावर सरकतं, धार वाटीच्या मधोमध न बसता कडेवर बसते आणि चाक एकदम वेग घेतं. गाय ऐकायला गोड आहे, पण तिच्या नाकावरून वेग मोजता येत नाही. माझा कौल किल्लीला. ज्याने चाक भरधाव होताना पाहिलं, तोच पुढे वाट्यांचे आकार बदलत बसेल.

आणि आता धाकट्या-थोरल्याचा मुद्दा. पेल्टनचं सुरुवातीचं एक चाक घरमालकिणीच्या शिलाई मशीनला जोडलेलं होतं, असं सांगितलं जातं. खाणीतली मोठी स्पर्धा त्यानंतरची, १८८३ ची: तिथे त्याचं चाक ९० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि दुसरं कुठलंही ७७ ला पोचलं नाही. पुढे शहरांच्या नळांवर चालणाऱ्या छोट्या पाणमोटारी बाजारात आल्या, शिलाई मशीनसाठी, लेथसाठी. मोठी वीजघरं त्यानंतरची: टाटांचं खोपोली १९१५ चं, आपल्या रायगडातलं, ताम्हिणीच्या पायथ्याचं भिरा १९२७ चं. तिथे सुमारे ५०० मीटर उंचीवरून पाणी येतं आणि चिळकांडी सेकंदाला ९०-१०० मीटरने सुटते. माझं अंगणातलं चाक त्या वीजघरांतल्या चाकांची नक्कल नाही. नात्याने ते शिलाई मशीनवाल्या चाकाचं सख्खं भावंड आहे.

मोजण्याची रीत तर आणखी जुनी. चाकाचा वेग पाण्याच्या किती पट असावा? पॅरिसमध्ये पॅरेंटने १७०४ मध्ये सांगितलं, एक तृतीयांश. त्याने एकाच फळीचा विचार केला, पळत्या फळीला गाठू न शकलेलं पाणी वाया गेलं असं धरून. इंग्रज स्मीटनने दोन फुटी नमुना चाक, दोरी आणि वजनं घेऊन मोजलं आणि १७५९ मध्ये मांडलं, तेव्हा उत्तर तृतीयांश आणि अर्धा यांच्या मधे आलं. १७६७ मध्ये बोर्दाने पॅरेंटची गफलत दाखवली: एका फळीला चुकलेलं पाणी मागच्या फळीला लागतंच, म्हणून अर्धा. माझं सर्वोत्तम ०.४४ ला आलं. घर्षण आणि उडालेलं पाणी अर्ध्याखाली ओढतात.

हे आकड्याशिवाय डोळ्यांनाही कळतं. दोरी फार आवळली तर पाणी चमच्यांतून तोटीकडे परत उसळतं आणि बघणारा भिजतो. अगदी सैल सोडली तर ते चाकाबरोबर पुढे निघून जातं. मधे एक जागा अशी येते की पाणी चाकाखाली अगदी मरगळून, सरळ खाली पडतं. त्याची सगळी गती चाकाने घेतलेली असते. मी काटा पाहण्याआधी ते मरगळलेलं पाणी पाहतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला मावसभावाच्या वाडीत झऱ्याचं पाणी पाइपने येतं, सुमारे ४० मीटर उतारावरून. तिथे चाक नेलं. धार सेकंदाला २७ मीटरच्या आसपास. चाचणी नीट चालली होती. मग भाऊ म्हणाला, "दादा, दोरी काढून बघू की." दोरी काढली. चाक शिट्टी वाजवल्यासारखं ओरडलं आणि एका जोडीचा डाख सुटला. चमचा सरळ गोठ्याच्या पत्र्यात घुसला. घाईघाईने कॉक बंद केला, तर पाइप धाडकन हादरला आणि वरचा जोड निखळला. भार अचानक गेला तर मोठ्या वीजघरातही हीच गत व्हावी, म्हणून तिथे आधी एक पाती धारेसमोर येऊन ती चाकावरून वळवते आणि तोटीची सुई मागाहून, सावकाश मिटते. पुढच्या खेपेला आम्ही तोटीपुढे बिजागरीवर पत्र्याचा तुकडा लावला.