आईला एचआयव्ही असेल तर बाळाला औषध किती आणि किती दिवस?

मालवण : आई एचआयव्हीबाधित असली म्हणजे बाळालाही लागण होणारच, असा समज किनारपट्टीच्या गावांत अजूनही आहे. तो खरा नाही. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. आईच्या रोजच्या एआरटी गोळ्या आणि बाळाचे औषध वेळेवर चालू असेल तर हे प्रमाण पाचच्याही खाली येते.

बाळाच्या या औषधाचे नाव नेविरॅपिन. ते पातळ असून एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध असते. जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच ते सुरू करतात आणि दिवसातून एकदाच देतात. किती द्यायचे ते जन्मावेळच्या वजनावर ठरते :

• अडीच किलोपेक्षा जास्त वजन : रोज दीड मिली
• २ ते अडीच किलो : रोज १ मिली
• २ किलोपेक्षा कमी : दर किलोमागे ०.२ मिली. हे माप डॉक्टरच काढून देतात. उदाहरणार्थ, १ किलो ८०० ग्रॅमच्या बाळाला ०.३६ मिली.

कमी वजनाच्या बाळाचे यकृत अजून तयार झालेले नसते. औषध शरीरातून हळू बाहेर पडते, म्हणून माप कमी. शेजारच्या बाळाचे माप आपल्या बाळाला चालत नाही, ते यासाठीच.

किती दिवस?

आई वेळेवर गोळ्या घेत असेल आणि गरोदरपणाच्या ३२ आठवड्यांनंतरच्या तपासणीत रक्तातला विषाणू आटोक्यात दिसला असेल, तर बाळाला ६ आठवडे, म्हणजे ४२ दिवस औषध पुरते.

आईने गोळ्या घेतल्याच नाहीत, ती तपासणी झाली नाही, तपासणीत विषाणू जास्त निघाला किंवा बाळंतपणाच्या तोंडावरच आजार कळला, तर धोका जास्त धरतात. अशा बाळाला नेविरॅपिनसोबत झिडोव्हुडिन हे दुसरे औषध देतात. ते दिवसातून दोनदा असते. बाळ अंगावर पीत असेल तर दोन्ही औषधे १२ आठवडे आणि फक्त वरचे दूध असेल तर ६ आठवडे चालतात. सहा आठवड्यांनंतरचे माप डॉक्टर नव्याने लिहून देतात.

एक उदाहरण

समजा, बाळ १ जूनला जन्मले. वजन २ किलो ३०० ग्रॅम, आईचा विषाणू आटोक्यात. रोज १ मिली सुरू झाले. शेवटचा डोस १२ जुलैला. मध्ये बाळाचे वजन ३ किलो झाले तरी माप तेच राहते, कारण ते जन्माच्या वजनावर ठरले आहे. ४२ दिवसांना ४२ मिली औषध लागते. बाळंतीण माहेरी, देवगड किंवा वेंगुर्ल्याकडे जाणार असेल, तर हातातली बाटली तोपर्यंत पुरेल का, हे दवाखान्यातून निघतानाच विचारावे. बाटली संपली आणि चार दिवस खंड पडला, की दुधातून लागण व्हायला वाट मिळते.

चुका कुठे होतात?

घरातला चमचा वापरला की माप चुकते. सुईशिवायची सिरिंज मागून घ्यावी, बाटली हलवावी आणि औषध गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडावे. बाळाने लगेच उलटी काढली तर अंदाजाने पुन्हा पाजू नये, नर्सला फोन करून विचारावे. अंगावर पुरळ उठले किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पहिले ६ महिने फक्त आईचे दूध द्यावे. घुटी, मध, पाणी, पावडरचे दूध मध्ये देऊ नये. दोन्ही मिसळले की बाळाच्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो.

सहा आठवडेच का?

पूर्वी बाळाला नेविरॅपिनचा एकच डोस मिळायचा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजसह इथिओपिया आणि युगांडात अंगावर पिणाऱ्या बाळांवर अभ्यास झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांच्या वयात एका डोसवाल्या गटात ५.३ टक्के, तर सहा आठवडे औषध मिळालेल्या गटात २.५ टक्के बाळांना लागण झालेली दिसली. मात्र सहा महिन्यांपर्यंत हा फरक बराच कमी झाला. म्हणून बाळाचे औषध संपले तरी आईच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत.

औषध पूर्ण झाले म्हणजे काम संपले नाही. ६ आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासणी होते आणि कोट्रायमॉक्साझोल सुरू होते. पुढे ६ आणि १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी असते. शेवटचा निकाल १८ महिन्यांनी.

तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. २०१७ च्या कायद्याने रुग्णाचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते.