लेकीच्या हातात माइक कसा आला

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की हॉल घ्यायचा, नवराबायकोने पुन्हा हार घालायचे, केक कापायचा आणि जेवणाआधी मोठ्या मुलीने आईबाबांविषयी चार शब्द बोलायचे, हे आता मराठी घरांत इतकं सरावाचं झालं आहे की त्याला कुळकथा असेल असं वाटतच नाही. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं: हे इंग्रजांकडून आलं. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे. पंचवीस हा आकडा आणि चांदी बाहेरून आली. लेकीचं भाषण मात्र इथेच घडलं. आणि ते घडायला उत्सवाच्या हौसेपेक्षा बायकांच्या आयुष्यात झालेले फार खोल बदल कारणीभूत आहेत, असं माझं म्हणणं आहे.

आधी आकड्याचं पाहू. पंचविसाव्या वर्षी चांदी आणि पन्नासाव्या वर्षी सोनं ही विवाहाची मोजणी जर्मन भाषक प्रदेशांत रुजली. तिथे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी पत्नीच्या डोक्यावर चांदीच्या पानांचा मुकुट घालत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या आणि जर्मनीच्या राजघराण्यांच्या सोयरिकी होत्या, आणि तिकडून ही चाल इंग्रजांच्या घरांत ठळक झाली. व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा एडवर्ड आणि अलेक्झांड्रा यांच्या लग्नाला 10 मार्च 1888 रोजी पंचवीस वर्षं झाली. आदल्याच दिवशी जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म वारला होता, सुतक होतं, तरी दिवस साजरा झाला, इतकी ती गोष्ट तोवर मानाची झाली होती. आपल्याकडे मात्र पंचवीस वर्षांचा सोहळा आधी सार्वजनिक जीवनात दिसतो. संस्थानिकांची राजवट, शाळा, वाचनालय, मंडळ यांचे रौप्यमहोत्सव झाले. 1935 साली पंचम जॉर्जच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव देशभर साजरा झाला. पुढे सिनेमाने पंचवीस आठवड्यांना तेच नाव दिलं आणि शब्द घरोघर पोचला. लग्नाच्या वाट्याला तो बराच उशिरा आला.

यावर रास्त आक्षेप असा की आपल्याकडे षष्ट्यब्दीची शांत होती, सहस्रचंद्रदर्शन होतं. मग परक्या चांदीची गरज काय पडली? पण त्या विधींत काय मोजलं जातं ते पाहावं. मोजलं जातं पुरुषाचं वय. पत्नी शेजारी पाटावर बसते, तिलाही ओवाळतात, पण साठ वर्षं त्याची असतात. शिवाय विधीचा हेतू शांतीचा असतो: वयाच्या त्या टप्प्यावरचं अरिष्ट टळावं, आयुष्य वाढावं. तिथे बोलायचं ते भटजींनी, मंत्रांतून. दोघांनी मिळून किती वर्षं काढली हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही, आणि त्याला कारण होतं. न्यायमूर्ती रानड्यांचं उदाहरण घ्या. त्यांची पहिली पत्नी 1873 साली वारली आणि त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचं लग्न झालं. पुरुषाच्या संसाराची वर्षं सलग चालत. त्यातली बाई बदलू शकत असे. ती बाळंतपणात, तापात, प्लेगात जाई आणि वर्षाच्या आत दुसरी येई. पहिली हयात असताना दुसरी करायलाही मनाई नव्हती. हिंदूंच्या द्विभार्येला मुंबई प्रांतात कायद्याने बंदी आली ती 1946 साली. पुरुषाचं वय हीच जिथे अखंड गोष्ट, तिथे सोहळा वयाचाच होणार. जोडप्याची वर्षं मोजायला आधी जोडपं टिकावं लागतं.

आता मुलीचा हिशेब मांडू. 1890 साली लग्न झालेलं एक ब्राह्मण जोडपं कल्पू: नवरी दहा वर्षांची, नवरा अठराचा. जगलेली पहिली मुलगी नवरीच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे 1896 मध्ये झाली असं धरू. ती दहाची झाली की तिचं लग्न. 1915 साली आईबापांच्या संसाराला पंचवीस वर्षं होतात तेव्हा लेक एकोणीस वर्षांची आहे, नऊ वर्षं परक्या घरची आहे, बहुधा तिच्या कडेवर मूल आहे. माहेरी यायचं तर सासूची परवानगी हवी, न्यायला भाऊ यायला हवा. आईबाप दोघेही हयात असतील याचीही खात्री नाही. आता 1960 चं शहरातलं शिकलेलं जोडपं घ्या: नवरी वीस, नवरा पंचवीस. मुलगी 1963 ची. 1985 साली आई पंचेचाळीस, वडील पन्नास, अजून नोकरीत. मुलगी बावीस वर्षांची, नुकतीच पदवीधर झालेली आणि बिनलग्नाची, किंवा लग्न होऊनही स्वतःच्या पगाराने तिकीट काढून येऊ शकणारी. भाषणाला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे हयात आईबाप, बोलण्याइतकी मोठी मुलगी आणि तिची तिथे असण्याची मुभा, पहिल्यांदा एका दिवशी एका खोलीत आल्या त्या अशा घरांत. 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, 1978 च्या दुरुस्तीने ते अठरा झालं. कायदे मोडले जात होते हे खरं, आणि अनेक घरांत अजूनही हा हिशेब जुळत नाही. पण जिथे जुळला तिथेच हे भाषण रुजलं.

याहून गंभीर आक्षेप ओव्यांचा आहे. मुलगी आईबापांचं कौतुक करायला शिकली ती रौप्यमहोत्सवात, असं म्हणणं जात्यावरच्या बायकांवर अन्याय करणारं ठरेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. आई, बाप, भाऊ आणि माहेर हे त्यातले मोठे विषय. बापाचं घर, आईची माया, माहेरची वाट यांवर त्या बायकांनी जे रचलं आहे त्याच्या आसपासही आजची भाषणं फिरकत नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातूनच माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ओवी गायली जाई पहाटे, सासरच्या जात्यावर, सोबत दळणाऱ्या जावेला ऐकू जाईल अशी. जिच्यासाठी ती रचली ती आई चार गावं पलीकडे स्वतःच्या जात्यावर बसलेली असे. कौतुक होतं, ऐकणारा नव्हता. नवी गोष्ट आहे ती समोरासमोर बोलण्याची. उखाण्यातही बाई चारचौघांत बोलते, पण तिथे तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, तेही दोन ओळींत आणि आग्रहावरून.

समोरासमोर बोलणं सोपं नव्हतं. रमाबाई रानड्यांनी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे मुलींच्या शाळेसाठी इंग्रजीतून निवेदन वाचलं तेव्हा घरच्या बायकांनी त्यांना किती टोचून बोलून घेतलं, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. हुजूरपागेची शाळा 1884 साली सुरू झाली. तिथून पुढे शाळेची स्नेहसंमेलनं, वक्तृत्व स्पर्धा, कॉलेजातली मंडळं यांतून मुलींच्या पिढ्या उभं राहून बोलायला शिकल्या, आणि मग तो सराव घरच्या समारंभात आला. तो येताना सभेचा साचाही सोबत आला. घरगुती कार्यक्रमाचा क्रम पाहा: प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगत, सत्कारमूर्तींचं उत्तर, आभार. संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचाच हा क्रम आहे, आणि त्यात जिथे पूर्वी मानपत्राचं वाचन असे तिथे लेकीचं भाषण येऊन बसलं आहे.

या भाषणाचा मोठा दोष त्या जागेतून येतो. मानपत्रात सद्गुणांची यादी असते, कारण ते लिहिणारा माणूस सत्कारमूर्तीला फारसा ओळखत नसतो. लेकही त्याच चालीवर बोलू लागली की बाबा कष्टाळू, आई त्यागमूर्ती, दोघांनी काही कमी पडू दिलं नाही, असं होतं. हे कुठल्याही दोघांविषयी म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच जाणवतं. ओळखायची खूण सोपी आहे: भाषणात आईचं आणि बाबांचं कौतुक वेगवेगळ्या परिच्छेदांत येतं आणि दोघांमधल्या गोष्टीविषयी एकही वाक्य नसतं. बाबांच्या कचेरीतला मित्र बाबांना ओळखतो, मावशी आईला ओळखते. लग्नाला आतून पाहिलेलं असतं फक्त मुलांनी. दुसऱ्या पाळीहून बाबा येईपर्यंत आई आमटी पुन्हा गरम न करता थांबायची, कारण दोनदा गरम केलेली आमटी त्यांना चालत नसे, आणि बाबांनी ते कधी बोलून दाखवलं नाही पण भांडी घासूनच झोपायचे. असं एखादं वाक्य मानपत्रात येऊच शकत नाही. ते फक्त त्या घरात झोपेचं सोंग घेऊन पडलेल्या पोरीला ठाऊक असतं.

मग हे काम मुलाने का करू नये? करावंच, काही घरांत करतातही. पण मुलगी बोलते तेव्हा सभेत एक वेगळा अर्थ उभा राहतो. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असं मानणारे बाप या महाराष्ट्रात फार जुने नाहीत. दिलेली मुलगी ही परत काही न देणारी, असा तो संकेत. तीच मुलगी हॉलचे पैसे भरते आणि आईबापांना खुर्चीत बसवून त्यांच्याविषयी बोलते, तेव्हा कन्यादानातली ‘दिलं, संपलं’ ही कल्पना उघडपणे मोडीत निघते, आणि ते सगळ्या नातेवाइकांच्या देखत होतं.

एक मर्यादा मात्र या साक्षीदाराला नेहमीच राहते. संसाराची पहिली दोन-तीन वर्षं तिने पाहिलेली नसतात, आणि बहुतेकदा घडायचं ते त्याच वर्षांत घडलेलं असतं: भाड्याची खोली, सासूशी जुळवून घेणं, पहिलं भांडण, गेलेली नोकरी. त्या जागी भाषणात लग्नाच्या फोटोंचं वर्णन येतं. जाणत्या मुली आधी आत्याला आणि मावशीला गाठतात, वेगवेगळं बसवून विचारतात. दोघींच्या हकिकती जुळत नाहीत तेव्हा त्या आईकडे जातात, आणि आई जे सांगते त्यातलं काय सभेत बोलायचं हे तिलाच ठरवू देतात.