नाणी व मुद्रा यांवरील फार्सी लेखांचा वाचनक्रम (वऱ्हाड)

फार्सी लेखाचे छायाचित्र किंवा ठसा पुढे ठेवून त्याचे मराठी भाषांतर करताना शब्दांचा मूळ क्रम निश्चित करण्याची पद्धती. फार्सी लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, एवढे माहीत असले की वाचनाचा प्रश्न सुटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कागदावरील सलग मजकुरापुरती ती बरीचशी खरी आहे. नाणी व मुद्रा यांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. तेथे प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे जात असली, तरी ओळींचा क्रम अनेकदा खालून वर असतो.

वाशीम हे मोगल अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठिकाण होते. आईन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख बासिम या नावाने येतो. इ. स. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे आल्यानंतर एलिचपूर (आताचे अचलपूर) येथून सुभ्याचा कारभार चाले आणि तेथे टांकसाळही होती. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून निर्माण झाला. तेथील इतिहासाची साधने दोन भिन्न दिशांनी वाचावी लागतात, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा १९३९ मध्ये उजेडात आलेला वाशीम ताम्रपट डावीकडून उजवीकडे वाचावयाचा. मोगल काळातील नाणी, सनदा व मुद्रा मात्र त्याच्या उलट.

औरंगजेबाच्या रुपयाची मागील बाजू हे या बाबतीतील चांगले उदाहरण होय. तिच्यावर ठरावीक मजकूर असतो व त्याची नेहमीची मांडणी चार ओळींची असते. सर्वांत वर ‘मानूस’, त्याखाली ‘मैमनत’, तिसऱ्या ओळीत ‘सनह’, वर्षाचा आकडा व ‘जुलूस’ आणि तळाशी ‘जर्ब’ हा शब्द व टांकसाळीचे नाव. टांकसाळ एलिचपूर व वर्ष २४ वे आहे असे मानू. पुस्तकाच्या सवयीने वरून खाली वाचणाऱ्यास ‘मानूस, मैमनत, सनह २४ जुलूस, जर्ब एलिचपूर’ असा शब्दसमूह मिळतो. प्रत्येक शब्दाचा कोशगत अर्थ लावला, तर ‘परिचित, शुभ, वर्ष २४ राज्यारोहण, ठोकले एलिचपूर’ असे काहीतरी हाती येते. त्यातून वाक्य होत नाही, आणि एखादा भाषांतरकार ‘मानूस’ हे व्यक्तीचे नाव समजण्याचा धोका असतो.

खालून वर वाचल्यास लेख असा होतो : ‘जर्ब एलिचपूर, सनह २४ जुलूस मैमनत मानूस’. फार्सीत विशेषण सामान्यतः नामाच्या मागून येते. म्हणून ‘मैमनत मानूस’ हा जोडशब्द ‘जुलूस’ म्हणजे राज्यारोहण या नामाचे विशेषण ठरतो. शुभाशी ज्याचे सख्य आहे असे, हा त्याचा अर्थ. भाषांतर : ‘मंगलमय अशा राज्यारोहणाच्या २४ व्या वर्षी एलिचपूर येथे पाडले’. काही नाणेसूचींत ‘जर्ब’ हा भाग शेवटी देण्याची रीत आहे. त्याने अर्थ बदलत नाही. ‘जुलूस’पासून ‘मानूस’पर्यंतचा चढता क्रम मात्र मोडता येत नाही. दर्शनी बाजूवरील पद्यलेखाची स्थिती अधिक अवघड असते, कारण वर्तुळात बसविण्यासाठी कारागिराने शब्द इकडेतिकडे हलविलेले असतात. तेथे वृत्त व यमक हेच क्रमाचे प्रमाण मानावे लागते.

काही अक्षरांच्या शेपट्या नाण्याच्या पूर्ण रुंदीभर ताणलेल्या असतात. त्या ओळी विभागणाऱ्या रेघा आहेत असे वाटते, पण त्या अक्षराचाच भाग असतात. शिवाय ठोकण्याचा साचा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने लेखाची कड पुष्कळदा उमटतच नाही. तळाची ओळ कापली गेली की टांकसाळीचे नाव जाते. अशा वेळी वाचकाने ते अनुमानाने भरू नये, जागा रिकामी सोडावी.

आकड्यांची दिशा हा स्वतंत्र विषय आहे. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली, तरी तिच्यातील अंक आपल्याप्रमाणेच डावीकडून उजवीकडे मांडलेले असतात. हिजरी सन १०९२ मधील १ हा अंक डाव्या टोकाला असतो. जुन्या नाण्यांवरील २ म्हणजे उभी काठी व तिच्या माथ्याला उजवीकडे गेलेला आकडा. ६ मध्ये तोच आकडा डावीकडे असतो. त्यामुळे छायाचित्र आरशातल्यासारखे उलटे छापले गेले, तर २ चा ६ होतो. छायाचित्र डोक्यावर उभे धरले, तर ७ चा ८ होतो, कारण हे दोन्ही अंक एकाच कोनाची उलटसुलट रूपे आहेत.

येथे दोन चुका एकमेकींना झाकू शकतात. १०९२ हा सन असलेले छायाचित्र उलटे छापले आहे आणि वाचक अंकही उजवीकडून वाचतो, असे समजा. नाणे झिजलेले असल्यास त्याला १०९६ हे अगदी संभाव्य वर्ष मिळेल व संशय येणार नाही. मात्र मागील बाजूच्या २४ या जुलूस वर्षाचे त्याच रीतीने ६४ होईल, आणि औरंगजेबाची कारकीर्द तर ५१ व्या वर्षीच संपली. यावरून चूक उघड होते. औरंगजेबाची जुलूस वर्षे हिजरी १०६८ च्या रमजानपासून मोजली जात; म्हणून हिजरी सनातून जुलूस वर्ष वजा केल्यास १०६७ किंवा १०६८ हीच बाकी उरली पाहिजे. १०९२ वजा २४ म्हणजे १०६८. ते बरोबर आहे आणि वर्ष इ. स. १६८१ ठरते. बाकी वेगळी आली, तर आधी छायाचित्राची दिशा तपासावी. दोन्ही बाजूंचे साचे निरनिराळ्या वर्षांचे वापरले गेल्याची शक्यता त्यानंतर विचारात घ्यावी.

मुद्रांचे वाचनही बहुधा खालून वर होते; ईश्वराचे किंवा बादशहाचे नाव आदरार्थ वरच्या भागी यावे, हे त्यामागील एक कारण. मुद्रेच्या धातूवर किंवा खड्यावर अक्षरे उलटी कोरलेली असतात आणि कागदावरच ती सुलट उमटतात. म्हणून संग्रहालयात मूळ मुद्रेचे चित्र घेतले आहे की तिच्या ठशाचे, हे चित्रासोबत नोंदविणे आवश्यक असते. सनदा व परवाने यांत ओळीचे अखेरचे शब्द डाव्या टोकाला वर चढवून एकावर एक रचलेले दिसतात. ती नवी ओळ नव्हे. पूज्य व्यक्तीचे नाव मजकुरात कोरी जागा सोडून कागदाच्या माथ्यावर लिहिण्याचाही प्रघात होता. भाषांतर करताना ते नाव खाली त्याच्या जागी आणावे लागते, नाहीतर वाक्याला कर्ता उरत नाही.

चित्रातील अक्षरे ओळखणारे संगणकीय कार्यक्रम आज उपलब्ध आहेत. ते सामान्यतः शब्दांच्या चौकटी आखून त्या वरून खाली लावतात. छापील फार्सी पुस्तकास ते पुरेसे ठरते. नाण्यावर ‘मानूस’ पुन्हा पहिला येतो. यासाठी जुना परिपाठच सोयीचा आहे : प्रथम चित्राची दिशा अंकांवरून पक्की करावी, मग प्रत्येक शब्द जेथे आहे तेथेच देवनागरीत लिहून त्यास क्रमांक द्यावा, त्यानंतर व्याकरणाच्या आधारे क्रमांकांची फेरमांडणी करावी आणि शेवटी भाषांतर करावे. स्थाननिष्ठ नक्कल व क्रमबद्ध वाचन ही दोन्ही स्वतंत्रपणे छापली, तर पुढील अभ्यासकास क्रम तपासून पाहता येतो. उभ्या ओळींच्या लिप्यांनाही हीच रीत लागू पडते. तेथे जपानी स्तंभ उजवीकडून, तर मंगोल स्तंभ डावीकडून सुरू होतात, एवढा भेद प्रथम नोंदवावा लागतो.