परदेशी शिक्षणनिधी (राजुरी, ता. जुन्नर)

मुलाच्या परदेशातील शिक्षणाचा खर्च आगाऊ काढून त्यासाठी वेगळी साठवलेली रक्कम. कल्याण–नगर रस्त्यावरील राजुरीत आणि एकूण जुन्नर तालुक्यात घरचा पैसा दूध, कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्ष यांतून येतो. दुधाचा पगार सोडला तर तो ठरल्या तारखेला येत नाही.

खर्चाचा अंदाज : येथे जर्मनीचा आधार घेतला आहे, कारण तेथील आकडा सरकारच ठरवते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षभराचा राहण्या-जेवणाचा खर्च गोठवलेल्या खात्यात आधीच भरावा लागतो आणि तेथे पोचल्यावर तो दरमहा थोडाथोडा सुटतो. ही रक्कम २०१९च्या उन्हाळ्यात महिना ७२० युरो होती, सप्टेंबर २०२४ पासून ९९२ झाली. त्याच काळात युरो सुमारे ७९ रुपयांवरून ९३ वर गेला. म्हणजे वर्षाचा बोजा ६.८ लाखांवरून ११.१ लाखांवर आला. युरोत वाढ ३८ टक्के, रुपयांत ६२ टक्के. फक्त तिकडची महागाई धरणारा अंदाज येथेच फसतो.

उदाहरण : मूल आज १० वर्षांचे, जाणार २२व्या वर्षी. युरो १०० रुपये धरल्यास दोन वर्षांचे आजचे २४ लाख होतात. महागाई आणि रुपयाची घसरण मिळून वर्षाला ७ टक्के धरले, तर १२ वर्षांनी ५४ लाख लागतील. जमेवर ८ टक्के परतावा मिळाला, तर दरवर्षाच्या सुरुवातीला सुमारे २.६४ लाख बाजूला काढावे लागतात. हप्ता दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढवत नेल्यास पहिल्या वर्षी १.९ लाखांवर भागते. या हिशेबात शुल्क व विमानभाडे नाही.

भरणा : कायमचा हप्ता दुधावर बांधावा, पिकाचा पैसा वरकड भर म्हणून टाकावा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या क्रेटला २,००० रुपयांवर भाव मिळाला आणि सप्टेंबरपर्यंत तो कोसळला. अशा भावावर हप्ता उभा राहत नाही. निधी शेअर बाजारात किती ठेवावा यावर मतभेद आहेत. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तो मुदत ठेवीत आणावा, यावर फारसे नाहीत.

सुकन्या समृद्धी : फक्त मुलींसाठी; १८ वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत शिल्लक काढता येते.

कर्ज : निधी कमी पडल्यास कर्जाचा विचार होतो, पण सातबाऱ्यावरची जमीन येथे सहसा तारण चालत नाही, कारण थकलेल्या कर्जासाठी शेतजमीन ताब्यात घेण्यास बँकांचा जप्तीचा कायदा लागू नाही. बिगरशेती भूखंड, गावठाणातील मिळकतपत्रिका असलेले घर किंवा मुदत ठेव मागितली जाते. तारणाचे कागद प्रवेशाच्या दोन वर्षे आधी तपासून घ्यावेत.