गटारीच्या रविवारी मासळीबाजारात

रविवार, 28 जुलै 2019. सकाळचे सात वाजलेत. पावसानं निथळणारी छत्री मिटून तुम्ही मुंबईतल्या एका मासळीबाजारात शिरता. शुक्रवारी श्रावण लागणार, म्हणून ही गर्दी. महिनाभर मासे न खाणाऱ्या घरांतून आज शेवटची पिशवी बाहेर पडली आहे, पण कोळणींच्या पाट्या मात्र अर्ध्या रिकाम्या.

"पापलेट कसं दिलं?"

कोळीण भाव सांगते. तुम्ही गप्प. "दादा, आपली होडी बंद हाय. बर्फातला माल हाय तो," ती स्वतःच सांगून टाकते.

1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते. बिगरयांत्रिकी होडीला कायद्यानं किनाऱ्याजवळ मुभा आहे, पण या लाटांत ती ढकलायची कुणी? खाडीत पाग टाकून कुणी थोडं आणतो, तेवढंच ताजं. म्हणजे माल आटला तो ऐन मागणीच्या आठवड्यात. भाव चढला तो या दोन्हींमुळे.

मग समोरचं पापलेट आलं कुठून? काही बंदीआधी पकडून शीतगृहात ठेवलेलं. काही पूर्व किनाऱ्यावरचं, कारण तिकडची बंदी 15 एप्रिलला सुरू होऊन 14 जूनला संपते. आपल्या बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना तिकडच्या समुद्रात जातात, आणि मासा बर्फातून देश ओलांडून इथं येतो. बर्फ, वाहतूक आणि वाटेतली घट, सगळं त्या भावात आहे. कल्ला उचलून बघा: लालभडक नसून तपकिरी असेल आणि डोळा आत गेलेला असेल, तर माल जुना. गोठवलेल्या माशाचा बर्फ सुटला की मांस बोटाखाली दबतं, परत वर येत नाही.

शेजारच्या पाटीवर रोहू-कटला चकाकतायत. ते तळ्यातले, मुख्यतः आंध्र प्रदेशातून येणारे. बंदीशी त्यांचा संबंध नाही, म्हणून भाव आवाक्यात. शेततळ्यातली कोळंबीही तशीच बारमाही. खाडीच्या चिंबोऱ्या आणि तिसऱ्या मिळाल्या तर घ्या.

आता मागे चला. 1965 चा जुलै, वर्सोवा. ही तारखांची बंदी अजून नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. तरीही सगळ्या होड्या रेतीवर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या. समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत बंद, हे इथं सांगावं लागत नाही. वारा आणि लाटा ते पाळायला लावतात. घरोघरी खातात ते उन्हाळ्यातलं. बांबूच्या काठ्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीनं वाळवलेले बोंबील, जवळा, सोडे. ओल्या बोंबलात जवळपास नऊ दशांश पाणी असतं, त्यामुळे सात-आठ किलो ओल्यातून जेमतेम किलोभर सुका निघतो. सुका बोंबील महाग का, ते या हिशेबात आलं. डबा मात्र कोरडा हवा. पावसाळी हवेत आतला मासा ओलसर झाला, त्यानं पांढुरकी बुरशी धरली, की टाकायचा.

पुढं मोठी इंजिनं आली, मोठ्या ट्रॉलजाळ्या आल्या. पावसाळ्यातही समुद्रात जाणं जमू लागलं, आणि निसर्गानं जे पाळायला लावलं होतं ते कायद्यानं पाळायला लावणं भाग पडलं. कारण पावसाळ्यात नद्यांचं पाणी समुद्रात उतरतं, सूक्ष्म अन्न वाढतं, आणि तारली-बांगड्यासारख्या अनेक जाती याच सुमारास अंडी घालतात. गाबोळीनं भरलेली मादी जाळ्यात आली, तर तिची पुढची सगळी पिलंही गेली.

कोकणातल्या पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे मिळतात, त्यांचं कौतुक सगळ्यांना. तेही अंडी घालायलाच प्रवाहाविरुद्ध चढत असतात. समुद्रात जे टाळतो, तेच आपण ओढ्यात करतो.

आता 2019 मध्ये परत, पण पंधरा दिवस पुढं. 1 ऑगस्टपासून बोटी सुटायला मोकळ्या. कायद्याची तारीख उलटली, तरी नारळी पौर्णिमा आहे 15 ऑगस्टला. अनेक कोळी नारळ वाहिल्याशिवाय होडी काढत नाहीत. जे आधी निघाले त्यांचा माल येऊ लागला, आणि नेमकी त्याच वेळी निम्मी गिऱ्हाइकं श्रावणात. भाव उतरू लागतात. तुमच्या घरी श्रावण पाळत नसाल, तर मासे घ्यायला हाच काळ बरा. फक्त एक बघा: पाटीत बोटभर पापलेट, छोटे बांगडे दिसतात का? बंदीत वाढायला लागलेली ती पिलं आहेत. स्वस्त असली तरी घेऊ नका. मागणीच नसेल, तर ती पाटीत राहतील आणि पुढच्या खेपेला जाळ्याचं भोक मोठं ठेवायला कुणाला तरी कारण मिळेल.