प्रमाणपत्रवाद

प्रमाणपत्रवाद म्हणजे एखादे काम करण्याची प्रत्यक्ष क्षमता न तपासता औपचारिक पदवी, पदविका किंवा परीक्षा-प्रमाणपत्र यांनाच नोकरीच्या प्रवेशाची मुख्य अट मानण्याची सामाजिक प्रवृत्ती होय. कामाचे स्वरूप फारसे न बदलता त्याच पदासाठी पूर्वीपेक्षा वरची अर्हता मागितली जाऊ लागते, तेव्हा तिला पदवी-चलनवाढ असे म्हणतात. चलनवाढीत रुपयाची क्रयशक्ती घटते. येथे प्रमाणपत्राची घटते. शिक्षणाच्या समाजशास्त्रात हा विषय शिक्षण आणि सामाजिक विषमता यांच्या संबंधात अभ्यासला जातो. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षकांची भरती हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे.

सैद्धांतिक भूमिका

मानवी भांडवलाच्या सिद्धांतानुसार शिक्षणामुळे व्यक्तीची उत्पादकता वाढते, म्हणून मालक अधिक शिकलेल्यास पसंती देतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळे स्पष्टीकरण मांडले. उमेदवाराची क्षमता मालकाला आधी दिसत नाही. पदवी ही तिची खूण ठरते. प्रत्येकाकडे तीच खूण आली की तिच्यावरून निवड करता येत नाही आणि नवी खूण शोधावी लागते. रोनाल्ड डोर यांनी १९७६ च्या ग्रंथात उशिरा औद्योगिकीकरण सुरू झालेल्या देशांत ही शर्यत अधिक तीव्र असते, असे दाखवले. रँडल कॉलिन्स यांनी १९७९ मध्ये संघर्षवादी भूमिकेतून असे प्रतिपादन केले की, वाढत्या अर्हतांचे कारण कामातील तांत्रिक बदलांपेक्षा चांगल्या पदांवर ताबा ठेवू पाहणाऱ्या गटांच्या स्पर्धेत अधिक आहे.

मराठवाड्यातील पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थानाच्या काळात मराठवाड्यात उच्च शिक्षणाच्या सोयी अत्यल्प होत्या. नांदेड येथे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. पुढे लातूर येथे दयानंद व राजर्षी शाहू ही महाविद्यालये उभी राहिली. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर व परभणी हा परिसर (आणि पुढे परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा) त्याच्या कक्षेत आला. अशा रीतीने दोन पिढ्यांच्या अवधीत पदवी ही दुर्मीळ गोष्ट न राहता तालुक्याच्या गावी मिळू लागली. त्या मानाने या भागात मोठे उद्योग आले नाहीत. कोरडवाहू शेतीच्या अनिश्चिततेमुळे नियमित वेतनाची सरकारी नोकरी, त्यातही शिक्षकाचे पद, सुशिक्षित तरुणांचे प्रमुख लक्ष्य राहिले.

शिक्षक भरतीतील वाढत्या अर्हता

सन २००५ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होण्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची डी.एड. पदविका पुरेशी असे. मुखेड किंवा औसा तालुक्यातील विद्यार्थी विसाव्या वर्षी भरतीस पात्र होई. ही वाट जवळची असल्याने पदविकेला मोठी मागणी आली आणि राज्यभर खासगी अध्यापक विद्यालये झपाट्याने वाढली. पदविकाधारकांची संख्या रिक्त पदांपेक्षा कितीतरी अधिक झाली.

१ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा अंमलात आला. त्यानुसार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने किमान अर्हता ठरवल्या. पहिली ते पाचवीसाठी पदविकेबरोबर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आवश्यक झाली, तर सहावी ते आठवीसाठी पदवीही आवश्यक ठरली. महाराष्ट्रात पहिली टीईटी डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दीडशे गुणांच्या या परीक्षेत सर्वसाधारण गटाला साठ टक्के गुण लागतात. बहुतेक परीक्षांत उत्तीर्णांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहिले.

टीईटी केवळ पात्रता देते, नोकरी देत नाही. निवडीसाठी राज्याने २०१७ मध्ये शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (टेट) आणली. दोनशे गुणांच्या या चाचणीतील गुणांवरून ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे उमेदवारांना पदे दिली जातात. पहिल्या चाचणीनंतरची दुसरी चाचणी २०२३ मध्ये झाली. दरम्यान २०१५ पासून बी.एड. अभ्यासक्रमही एक वर्षाऐवजी दोन वर्षांचा झाला. परिणामी सहावी ते आठवीचा शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने पदवी व बी.एड. हा मार्ग घेतल्यास तो तेविसाव्या वर्षाच्या आसपास टीईटीला बसतो आणि त्यानंतर पुढील चाचणी व भरतीची वाट पाहतो.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून ठरावीक मानधनावर काम करावे लागते. ही योजना २००० मध्ये सुरू झाली. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये दरमहा सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले. म्हणजे प्रवेशाच्या अटी वाढत असताना आरंभीचे मानधन दीर्घकाळ जवळपास गोठलेले होते.

चलनवाढ ओळखण्याचे निकष

अर्हता वाढली म्हणजे चलनवाढ झालीच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात: कामाचे स्वरूप बदलले का, जुन्या अर्हतेवर लागलेले लोक तेच काम कमी प्रतीने करतात का, आणि नवी अट कामाशी संबंधित कौशल्य तपासते का.

या कसोटीवर वरील टप्पे सारखे ठरत नाहीत. टीईटी बालमानसशास्त्र, भाषा, गणित अशा अध्यापनाशी निगडित विषयांवर आधारित आहे. तीत बहुसंख्य पदविकाधारक अनुत्तीर्ण होतात, यावरून मूळ पदविकेचाच दर्जा घसरला असल्याचा निष्कर्ष काढता येतो. अशा वेळी नवी परीक्षा ही जुन्या प्रमाणपत्रावरील अविश्वासाची खूण ठरते. याउलट अभियोग्यता चाचणीला उत्तीर्णतेची मर्यादा नाही. तिचे मुख्य कार्य थोड्या पदांसाठी मोठ्या गर्दीची क्रमवारी लावणे हे आहे.

उच्च अर्हता म्हणजे अधिक योग्य अर्हता नव्हे, हा मुद्दा न्यायालयातही आला. २०१८ मध्ये बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र मानण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ते अमान्य केले. लहान मुलांना शिकवण्याचे विशिष्ट प्रशिक्षण पदविकेत मिळते, बी.एड.मध्ये नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

परिणाम

भरती मंदावल्यावर डी.एड.चे प्रवेश घटले आणि अनेक अध्यापक विद्यालये बंद पडली. ज्यांनी आधी पदविका घेतली, त्यांची दोन वर्षे व शुल्क वाया गेल्यासारखे झाले. प्रतीक्षेचा खर्च सर्वांना सारखा पेलत नाही. अभ्यासिकेचे शुल्क, खोलीभाडे आणि परीक्षा शुल्क वर्षानुवर्षे भरणे शेतमजुराच्या घराला पगारदार घरापेक्षा अवघड असते. मुलींच्या बाबतीत लग्नाचे वय ही आणखी एक मर्यादा ठरते. त्यामुळे वरकरणी समान असलेली अट प्रत्यक्षात कौटुंबिक स्थितीनुसार निवड करते.

कागदाचे मूल्य वाढले की त्याची बनावटही वाढते. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचे प्रकरण डिसेंबर २०२१ मध्ये पुणे पोलिसांच्या तपासातून उघड झाले. त्यानंतर २०२२ मध्ये परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली.

सेवेतील शिक्षक

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवानिवृत्तीस पाच वर्षांपेक्षा अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येते, परंतु पदोन्नतीसाठी त्यांनाही ही अट आहे. या निर्णयाने प्रमाणपत्रवादाचा मूळ प्रश्न पुन्हा समोर आला: वीस वर्षे वर्गात शिकवलेल्या व्यक्तीची क्षमता तिच्या कामावरून ठरवावी की नव्या परीक्षेवरून. किमान दर्जा हा मुलांचा हक्क आहे, ही एक बाजू. अनुभवाची मोजणी करणारी यंत्रणाच अस्तित्वात नाही, ही दुसरी.